सुईचं नेढं आणि सुटलेला चष्मा

"डॉक्टर, मी मालवणजवळच्या गावात राहते, घरीच ब्लाउज आणि ड्रेस शिवते. वय 45. लग्नाआधी, 24व्या वर्षी, मुंबईला जाऊन लेसरने नंबर काढून घेतला. तेव्हा दोन्ही डोळ्यांना उणे 3.5 होता. 21 वर्षं चष्म्याला हात लावला नाही. गेल्या दिवाळीच्या सीझनला मात्र सुईत दोरा ओवेना झाला. मशीन चालतं, पण तुरपाई आणि हुकं लावायला घेतली की डोळे भरून येतात. लांबचं अजून लख्ख दिसतं, किनाऱ्यावरून होडीवरचं नाव वाचते. माझी जाऊ माझ्याच वयाची, तिला शाळेपासून उणे 3 चा चष्मा. तिने लेसर केलं नाही. ती चष्मा कपाळावर सरकवते आणि मला दोरा ओवून देते! भावाचं तर मधुमेहामुळे 43व्या वर्षीच दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नवीन भिंगं बसवली, तरी त्याला पेपर वाचायला चष्मा लागतो. माझं लेसर उतरलं का? परत मारून घेऊ का? एका ठिकाणी तर भिंगच बदला म्हणाले."

ताई, लेसर उतरलेलं नाही, आणि त्याचा पुरावा तुम्हीच लिहून पाठवला आहे. उणे नंबर परत आला असता तर आधी होडीवरचं नाव पुसट झालं असतं, आणि दोरा उलट सहज ओवला गेला असता. तुमचं नेमकं उलटं झालंय. तुम्हाला चाळिशी लागली आहे. आपल्या भाषेने या चष्म्याला वयाचंच नाव देऊन ठेवलंय, ते उगाच नाही.

तुमची खरी खंत जाऊबाईंच्या त्या कपाळावरच्या चष्म्याची आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. थोडं गणित आहे, पण बाजारहिशोबाहून अवघड नाही. एखादी वस्तू जितकी जवळ, तितका डोळ्याला जास्त जोर लावावा लागतो. तो किती, हे काढायचं तर 100 ला अंतराच्या सेंटीमीटरने भागायचं. मशीनवर तुमचं कापड साधारण 45 सेंटीमीटरवर असतं, म्हणजे जोर लागतो 2.2. सुई आपण नकळत 30 सेंटीमीटरवर धरतो, तिथे 3.3 लागतो. हे आकडे चष्म्याच्या नंबराच्याच मापात आहेत.

आता जाऊबाईंचा उणे 3. उणे नंबराचा डोळा मुळातच जवळ जुळवलेला असतो. कितीवर? तोच भागाकार: 100 भागिले 3, म्हणजे 33 सेंटीमीटर. चष्मा काढला की त्यांची नजर काहीही जोर न लावता बरोबर सुईच्या अंतरावर जाऊन बसते. त्यांना चाळिशी लागलेली नाही असं नाही. त्यांना म्हणावं, लांबचा चष्मा नाकावर ठेवून दोरा ओवून दाखवा. त्याही सुई लांब धरायला लागतील.

तुमच्याकडेही हे होतं. उणे 3.5 म्हणजे 29 सेंटीमीटरवर जुळवलेला डोळा. लेसरने तो डोळा क्षितिजावर जुळवला. लांबचं उघडं दिसायला लागलं आणि जवळचं दिसायला दर वेळी जोर लावावा लागू लागला. 24व्या वर्षी ते जाणवलं नाही, कारण तेव्हा तो जोर तुमच्याकडे भरपूर होता. तुमचे पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. पावसात, घामात, समुद्राच्या खाऱ्या हवेत 21 वर्षं चष्म्यावाचून काढलीत, ती मिळकत खरीच आहे. पण एक गोष्ट तुम्हाला तेव्हाच कुणीतरी सांगायला हवी होती. आम्ही डॉक्टर मंडळी "चष्मा सुटेल" म्हणतो, तेव्हा आमच्या मनात "लांबचा" हा शब्द असतो आणि तो तोंडातून बाहेर येत नाही. मी स्वतः सुरुवातीच्या काळात विशी-पंचविशीतल्या किती मुलामुलींना तसंच सांगितलं. आता आधी चाळिशीचं बोलते आणि मग लेसरचं.

हा जोर जातो कुठे, ते सांगते. डोळ्यात नंबराची दोन ठिकाणं आहेत. पुढची काचेसारखी पारदर्शक चकती, तिला कॉर्निया म्हणतात. ती जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. लेसर तिच्यावर झालं. उणे 3.5 साठी तिच्या मधल्या भागातून 45 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे एका केसाच्या जाडीपेक्षाही थोडं कमी, घासून काढतात आणि तिचा फुगवटा कमी करतात. तो आकार टिकला आहे, म्हणून होडी दिसते.

दुसरं ठिकाण बाहुलीच्या मागे आहे, तिथे आपलं नैसर्गिक भिंग असतं. लेसर तिथवर गेलंच नव्हतं. या भिंगाभोवती स्नायूचं एक कडं असतं आणि त्या कड्यापासून भिंगापर्यंत अतिशय बारीक तंतू ताणलेले असतात. लांब बघताना कडं सैल असतं, तंतू ताठ असतात, भिंग चपटं राहतं. सुईकडे बघितलंत की कडं आवळतं, तंतू ढिले पडतात आणि भिंग आपल्या आपण फुगतं. फुगलं की जवळचं दिसतं. यात महत्त्वाचं हे, की भिंग फुगतं ते त्याच्या स्वतःच्या मऊपणामुळे. आणि भिंग जन्मभर वाढत असतं. जुन्या थरांवर नवे थर चढत जातात आणि आतलं सगळं दाबून घट्ट होत जातं. शहाळ्यातली मलई चमच्याने निघते, तोच नारळ पिकला की खोबरं खवणीशिवाय निघत नाही, तसंच काहीसं. कडं अजून इमानाने आवळतंय, पण भिंग फुगत नाही. म्हणून डोळ्यांचे व्यायाम केल्याने चाळिशी जात नाही. व्यायाम स्नायूला होईल, आणि स्नायूची तक्रारच नाही.

पंचविशीत हा जोर 10 च्या आसपास असतो. पंचेचाळिशीत 4 च्या आसपास उरतो आणि साठीला 1 च्या घरात येतो. लेसर केलेल्याचा, न केलेल्याचा, मासेमारी करणाऱ्याचा आणि बँकेत बसणाऱ्याचा, सगळ्यांचा थोड्याफार फरकाने सारखाच. आणि असलेला सगळा जोर तासन्तास लावता येत नाही. भरलेली घागर उचलता येते म्हणून ती दिवसभर कडेवर घेऊन कुणी हिंडत नाही. साधारण निम्माच जोर आरामात वापरता येतो. म्हणजे तुमच्याकडे 4 पैकी कामाचे 2. मशीनला 2.2 लागतात, ते ओढूनताणून भागतं. सुईला 3.3 लागतात, तिथे 1.3 कमी पडतात. मशीन चालतं आणि तुरपाईला डोळे भरून येतात, याचं उत्तर या 1.3 मध्ये आहे.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण माझी खात्री आहे की तुमच्याकडे ती होत असणार. दुपारी बाहेर खळ्यात बसलात की दोरा बऱ्यापैकी ओवला जातो आणि संध्याकाळी माजघरात तोच दोरा ओवत नाही. काळ्या ब्लाउजवर काळा दोरा असेल तर विचारूच नका. याचं कारण बाहुली आहे. लख्ख उजेडात ती बारीक होते आणि बारीक भोकातून आलेला प्रकाश कमी विखुरतो, त्यामुळे जोर कमी पडला तरी चित्र निभावून नेण्याइतकं स्पष्ट राहतं. अंधार झाला की बाहुली मोठी होते आणि उणीव उघडी पडते. म्हणून आपल्याकडे चाळिशीच्या तक्रारी पावसात वाढतात. जून लागला, आभाळ भरून आलं, त्यात वीज गेली, की माणसं मला सांगतात, "डोळे महिन्याभरात बिघडले." डोळे त्या महिन्यात बिघडलेले नसतात, उजेड गेलेला असतो. मशीनजवळ डाव्या हाताला एक चांगला पांढरा दिवा लावा, म्हणजे उजव्या हाताची सावली कामावर पडणार नाही. आज घरबसल्या करता येईल असं हे एक काम आहे.

आता चष्मा. तुम्हाला अधिक 1.25 च्या आसपासचा लागेल असा माझा अंदाज आहे, नेमका आकडा तपासणीत ठरेल. लेसरनंतर तुमचे दोन्ही डोळे शून्याजवळ आणि सारखे असतील, तर साधा तयार चष्माही चालतो. फक्त एक चूक करू नका. दुकानात 2 चा चष्मा लावला की अक्षरं मोठी आणि काळीभोर दिसतात आणि माणूस खूश होऊन तोच घेतो. पण अधिक 2 घातला की 50 सेंटीमीटरच्या पलीकडचं सगळं धूसर होतं, पुन्हा तोच भागाकार, 100 भागिले 2. मशीनवर जरा मागे रेलून बसलात की कापड पुसट. अधिक 1.25 मध्ये हीच हद्द 80 सेंटीमीटरवर जाते. सुई, मशीन आणि पुढ्यातलं बेतायचं कापड, तिन्ही त्यात बसतात. गिऱ्हाईक दारात आलं तर तिचा चेहरा थोडा धूसर दिसेल, तेवढ्यापुरतं चष्म्यावरून बघायचं. एक बाई माझ्याकडे डोकं दुखतं म्हणून आल्या होत्या. त्या काजूच्या कारखान्यात गर सोलायच्या. त्यांनी बाजारातून 2.5 चा चष्मा घेतला होता, वय जेमतेम 44. तो लावून नीट दिसावं म्हणून दिवसभर मान खाली घालून गर नाकाशी धरायच्या. 1.25 दिला, मान वर आली आणि आठवड्यात डोकं थांबलं.

चष्मा लावला की नंबर वाढतो, ही भीती मनातून काढा. नंबर वाढणारच आहे, चष्मा लावा अथवा न लावा, कारण भिंग घट्ट होत जाणार आहे. पन्नाशीत 2 च्या आसपास होईल, साठीच्या सुमाराला 2.5 वर जाऊन थांबेल. दर दोन वर्षांनी काच बदलावी लागली तर घाबरू नका.

लेसर परत मारायचं का? ज्या चकतीवर लेसर चालतं तिच्यात दोष नाही, त्यामुळे ते दुरुस्त करण्यासारखं तिथे काही नाही. करता येतं ते वेगळंच काहीतरी. एक डोळा लांबचा ठेवायचा आणि दुसरा मुद्दाम उणे 1.25 किंवा 1.5 करायचा, म्हणजे एक डोळा बाजाराला आणि एक वाचनाला. काही लोकांना हे छान जमतं. तुम्हाला मी सुचवणार नाही, आणि याचं कारण तुमचं काम आहे. नेढ्यात दोरा घालताना तो नेढ्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे दोन्ही डोळ्यांनी मिळून कळतं. एका डोळ्यावर काम आलं की हा अंदाज कमी होतो. शिवाय उणे 1.5 ची नजर 67 सेंटीमीटरवर जुळते. आज उरलेल्या जोरावर त्यातून सुई दिसेल, पाच-सात वर्षांत तिच्यासाठी परत चष्मा घ्यावाच लागेल, आणि रात्री स्कूटरवर समोरच्या दिव्यांचा त्रास मात्र राहील. त्यात जुन्या लेसरच्या वेळी चकतीवर पापुद्र्यासारखी झडप कापली असेल आणि ती इतक्या वर्षांनी पुन्हा उचलायची, तर तिच्याखाली पेशी वाढण्याचा धोका ताज्या झडपेपेक्षा जास्त असतो. इतकं सांगूनही मन ऐकत नसेल, तर आधी एका डोळ्यात अधिक 1.5 ची कॉन्टॅक्ट लेन्स घालून दोन आठवडे शिवून बघा, रात्रीचं फिरून बघा. नाही पटलं तर ती काढून टाकता येते. लेसर काढता येत नाही.

भिंग बदलण्याच्या सल्ल्याबद्दल मात्र मी स्पष्टच बोलते: करू नका. ते काय असतं हे तुमच्या भावाकडे बघून कळेल. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये मूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. ते फुगत नाही, एका अंतरावर कायमचं जुळवलेलं असतं, आणि बहुतेकांना ते लांबवर जुळवून देतात. तुमचा जो जोर वीस वर्षांत हळूहळू गेला, तो भावाचा दोन ऑपरेशनांत गेला. त्याचं ऑपरेशन फसलेलं नाही. त्याचा मोतीबिंदू काढणं भागच होतं. जवळचं आणि लांबचं दोन्ही दाखवणारी भिंगंही मिळतात. ती आलेला प्रकाश वाटून देतात, त्यामुळे रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात आणि मंद उजेडात रंगांतला बारीक फरक थोडा हरवतो. काळ्यावर काळा दोरा ओळखणाऱ्या बाईसाठी हा लहान तोटा नाही.

आणि तुमच्या बाबतीत त्याहून मोठं कारण आहे. उणे नंबराचा डोळा मागे लांबट असतो. लेसरने पुढची चकती चपटी केली, डोळ्याची लांबी तशीच राहिली, आणि लांबट डोळ्यातला मागचा पडदा ताणलेला असतो. अशा डोळ्यातलं चांगलं, स्वच्छ भिंग पन्नाशीच्या आत काढलं की तो पडदा सुटण्याचा धोका वाढतो. एका 1.25 च्या चष्म्यासाठी तो धोका पत्करण्याजोगा नाही. याच कारणाने, नंबर शून्य असला तरी तुम्ही दरवर्षी बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्यायला हवा. अंधारात विजा चमकल्यासारखं वाटलं, अचानक काळे ठिपके वाढले किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, उद्यावर ढकलू नका.

ही सगळी चाळिशीच आहे ना, हे आधी घरीच ताडून बघा. एकेक डोळा झाकून कॅलेंडरवरच्या तिथी वाचा. कॅलेंडर लांब नेलं की दोन्ही डोळ्यांना सारखंच स्पष्ट होत असेल, तर चाळिशीच. एकाच डोळ्याला कमी दिसत असेल किंवा चौकटीच्या सरळ रेघा वाकड्या दिसत असतील, तर ती चाळिशी नव्हे. पापण्या मिटून उघडल्यावर क्षणभर साफ दिसत असेल तर डोळे कोरडे आहेत, लेसर झालेल्यांत हे आढळतं, त्याचे थेंब वेगळे. आणि घरात मधुमेह आहे, तेव्हा साखरही तपासून घ्या. साखर वरखाली झाली की नंबरही वरखाली होतो, आणि अशा वेळी घेतलेला चष्मा महिन्याभरात निरुपयोगी ठरतो.

तपासणीला जाताना सुई-दोरा आणि एक काळं कापड बरोबर न्या. घरून निघण्यापूर्वी शिवणाची टेप काढून जाऊबाईंकडून दोन अंतरं मोजून घ्या, डोळ्यापासून सुईपर्यंत आणि डोळ्यापासून मशीनच्या दाबपट्टीपर्यंत. मी 30 आणि 45 धरले आहेत, तुमची वेगळी निघतील. ती कागदावर लिहून डॉक्टरांना द्या, कारण तक्त्यावरची अक्षरं वाचून दिलेला नंबर पुस्तकाचा असतो, सुईचा असेलच असं नाही.

आणि लेसरच्या वेळचे कागद कुठे आहेत ते शोधा. पुढे वीसेक वर्षांनी तुम्हालाही मोतीबिंदू होईल, तेव्हा बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना यंत्र कॉर्नियाचा फुगवटा मोजतं. लेसर झालंय हे न सांगता नेहमीच्या हिशोबाने काढलं, तर भिंग कमी ताकदीचं बसतं आणि ऑपरेशननंतर लांबचंही पुसट दिसतं. डोळ्याचा दाबसुद्धा पातळ झालेल्या चकतीमुळे असतो त्यापेक्षा कमी मोजला जातो. कागद हरवले असतील तरी हरकत नाही, आता त्यांच्याशिवायही हिशोब करण्याच्या पद्धती आहेत. पण लेसर झालंय हे तुम्ही तोंडाने सांगायलाच हवं, कारण इतक्या वर्षांनी नुसतं वरून बघून ते ओळखू येत नाही. मुलांनाही सांगून ठेवा.